होमस्टेला आलेल्या परदेशी मुलींना पहिल्या दोन दिवसांत काय सांगितलं आणि कसं सांगितलं

ऑगस्टमध्ये आमच्याकडे दोन परदेशी विद्यार्थिनी होमस्टेला आल्या, एक १७ वर्षांची आणि दुसरी २१ वर्षांची. अर्ज भरल्यापासून मला खोली, पलंग, टेबल यांचं काही वाटत नव्हतं, ते सगळं जमतंच. धास्ती होती ती घरातले नियम सांगायची. म्हणजे समोर लांबून आलेली, दमलेली, आपली भाषा न येणारी मुलगी बसलेली असताना तिला जेवणाची वेळ, रात्री परत यायची वेळ, कपडे कधी धुवायचे, बाथरूम कसं वापरायचं हे सगळं सांगायचं, आणि तरी तिला आपण पाहुणी आहोत असंच वाटलं पाहिजे, कैदी नाही. आता त्यांचं पहिलं सत्र संपलंय, म्हणून पहिल्यांदा होमस्टे घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी कागदपत्रांचं थोडक्यात. फेब्रुवारीत होमस्टे कार्यक्रमाकडे अर्ज केला, मार्चच्या शेवटी त्यांच्या समन्वयक बाई घर बघायला आल्या. त्यांनी खोलीची खिडकी उघडते का, दाराला आतून कडी आहे का, धुराचा अलार्म वाजतो का हे सगळं स्वतः करून बघितलं. मग घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा पोलिस पडताळणीचा दाखला लागला, माझा, नवऱ्याचा आणि सासूबाईंचासुद्धा, आणि यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. दाखले हातात यायला मे उजाडला. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर यातून सुटका नाही, त्यामुळे अर्जाबरोबरच दाखल्याच्या मागे लागा. खर्च म्हणाल तर दाखल्यांची फी किरकोळ होती, खरे पैसे गेले ते गादीची कव्हरं, दुसरा टेबल लॅम्प आणि जादा चाव्या यात. जूनमध्ये करार आला आणि तो मी शांतपणे दोनदा वाचला, कारण आपण जे नियम सांगणार त्यातले निम्मे आपले नसतातच, कार्यक्रमाचे असतात. कुठला नियम कोणाचा हे मला आधीच पेन्सिलने खूण करून ठेवता आलं आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला.

त्या खुणांवरूनच मी सांगायच्या गोष्टी तीन ढिगांत वाटल्या. पहिल्या ढिगात सुरक्षेच्या आणि कराराच्या गोष्टी, ज्या मीही बदलू शकत नाही. दुसऱ्या ढिगात आमच्या घराच्या सवयी, ज्या बोलून बदलता येतात. तिसऱ्यात विचारून करायच्या गोष्टी, मैत्रिणीला घरी आणणं वगैरे. हे सगळं एका पानावर सोप्या इंग्रजीत टाईप केलं, छोटी वाक्यं, आणि जिथे जिथे 'फार उशीर नको', 'थोडं लवकर' असं आलं होतं तिथे घड्याळातली वेळ घातली. कारण 'फार उशीर' म्हणजे माझ्या डोक्यात साडेनऊ आणि एकवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात रात्रीचा एक, आणि दोघी आपापल्या जागी बरोबरच असतो.

मुली शनिवारी संध्याकाळी आल्या. धाकटीचा प्रवास विमान बदलून जवळजवळ पूर्ण दिवसाचा झाला होता आणि तिच्या घरच्या घड्याळाप्रमाणे तेव्हा पहाट होती. अशा वेळी माणूस हसून मान डोलावतो आणि काहीही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे त्या रात्री मी ते पान बाहेरच काढलं नाही. फक्त लगेच लागणाऱ्या गोष्टी सांगितल्या आणि त्यासुद्धा चालत चालत: हे बाथरूम, गरम पाणी या बाजूला, हा दिव्याचा खटका अंधारात इथे हात गेला की सापडतो, हे प्यायचं पाणी, हा वायफायचा पासवर्ड कागदावर, आधी घरी फोन कर. आग लागली तर या दाराने बाहेर. रात्री भूक लागली तर या डब्यातलं न विचारता खा, कारण झोपेचं घड्याळ उलटं झालेलं असताना रात्री तीनला कडकडून भूक लागते आणि अनोळखी घरात फ्रीज उघडायची हिंमत होत नाही. आणि शेवटी, उद्या तुला कोणी उठवणार नाही. एवढंच. धाकटी डबा खोलीत घेऊन गेली आणि सकाळी तो रिकामा होता.

पासपोर्टचं एक इथेच सांगून टाकते. धाकटीने आल्या आल्या पासपोर्ट माझ्या हातात दिला, सांभाळून ठेवा म्हणून. मी तिच्यासमोर पहिल्या पानाचा आणि व्हिसाच्या पानाचा फोटो घेतला, पत्त्याच्या नोंदीसाठी तेवढंच लागत होतं, आणि पासपोर्ट परत तिच्याकडे देऊन तिच्या कपाटाचा कुलूप लागणारा खण दाखवला. यजमानाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवू नये, हवाली केला तरी नाही. तो तिचा कागद आहे आणि कधीही, कोणालाही न विचारता, तिच्या हाताशी असला पाहिजे.

खरं बोलणं रविवारी दुपारी जेवण झाल्यावर झालं. एका जागी बसून नाही, घरभर फिरत. स्वयंपाकघराचं स्वयंपाकघरात, मशिनचं मशिनपाशी, दाराचं दारात. पाऊण तास लागला, आणि ते छापलेलं पान मी शेवटी दिलं, आधी दिलं असतं तर दोघी मान खाली घालून वाचत बसल्या असत्या.

सुरुवात जेवणापासून केली, आणि तीही त्यांना विचारून. तुमच्या घरी रात्रीचं किती वाजता जेवता, कोण वाढतं, ताटात उरलं तर चालतं का. हे विचारणं वेळ घालवण्यासाठी नाही. काही घरांत ताट स्वच्छ केलं की पोट भरलं असं समजतात, काही घरांत स्वच्छ ताट दिसलं की अजून वाढतात, आणि ज्याला हे माहीत नाही ती मुलगी पहिला आठवडा एकतर उपाशी राहते किंवा पोट फुटेस्तोवर खाते. आमचं ठरलं की प्रत्येकीने स्वतः वाढून घ्यायचं, आधी थोडं, मग हवं तर परत. करारात आठवड्याच्या दिवशी नाश्ता आणि रात्रीचं जेवण, सुट्टीच्या दिवशी तिन्ही वेळा असं होतं. ते त्यांनाही माहीत असायला हवं, नाहीतर दुपारचा डबा मिळेल असं धरून मुलगी रिकाम्या हाताने कॉलेजला जाते. रात्रीचं जेवण साडेसातला. येणार नसाल तर दुपारी चारच्या आत मेसेज, उशिरा येणार असाल तर ताट झाकून फ्रीजमध्ये ठेवलेलं असेल.

ॲलर्जीची गोष्ट नीट सांगते कारण फॉर्मवर ती एका शब्दात आलेली असते. थोरलीच्या फॉर्ममध्ये 'शेंगदाणे' एवढंच लिहिलं होतं. मी तिला विचारलं, खाल्लं तर नेमकं काय होतं? तिने सांगितलं की आधी ओठ सुजतात, मग घशात खाज आणि श्वास लागतो, आणि ती इंजेक्शनचं पेन जवळ ठेवते. हे ऐकल्यावर प्रश्न नावडीचा राहतच नाही. मग तिथेच उभ्या उभ्या ठरवलं: पेन कुठे असतं ते तिने आम्हाला दाखवलं, ते कसं टोचायचं ते तिने सरावाच्या पेनवर करून दाखवलं, सासूबाईंनीसुद्धा हातात धरून बघितलं, आणि पेन टोचून बरं वाटलं तरी ॲम्ब्युलन्स बोलवायचीच हे सगळ्यांनी पाठ केलं, कारण औषधाचा जोर ओसरल्यावर त्रास परत उलटू शकतो. बदाम-काजू वगैरे चालतात का हेही वेगळं विचारावं लागतं, एकाची ॲलर्जी म्हणजे सगळ्यांची असं नसतं. आम्ही वेगळा चमचा, वेगळं भांडं या भानगडीत न पडता शेंगदाणे घरातूनच काढले.

धाकटीच्या फॉर्ममध्ये याच्या उलट, 'सगळं चालतं'. पाहुणे म्हणून जाणारी मुलं हेच लिहितात. तिला मी विचारलं, आजारी असलीस की घरी काय खातेस, आणि कशाचा वास नको वाटतो? या दोन प्रश्नांवर ती जे बोलायला लागली त्यातून मला आठवडाभराच्या जेवणाची दिशा मिळाली.

फ्रीजसाठी एक साधी युक्ती केली. ज्यावर हिरवं टिकली-स्टिकर ते कधीही घ्या, न विचारता. ज्यावर नाही त्याला विचारा. एक कप्पा पूर्ण त्यांचा. 'हे घर आपलंच समजा' असं कितीही म्हटलं तरी कोणी फ्रीज उघडत नाही, हिरव्या टिकलीने उघडतात. खोलीत कोरडा खाऊ चालेल, ताटवाटी मात्र त्याच रात्री परत स्वयंपाकघरात, कारण मुंग्या आणि झुरळं. कारण सांगितलं की नियम टोचत नाही असा माझा अनुभव आहे.

मग दारापाशी गेलो आणि परत यायच्या वेळेचं बोललो. इथे अवघड जागा अशी होती की एक अल्पवयीन आणि एक प्रौढ, त्यामुळे नियम एक असूच शकत नव्हता. धाकटीसाठी कार्यक्रमाचा नियम: रविवार ते गुरुवार रात्री ९, शुक्रवार-शनिवार साडेदहा, आणि ही वेळ घराच्या दाराच्या आत असण्याची, तिकडून निघण्याची नाही. थोरलीला वेळेचं बंधन नाही, फक्त रात्री नऊपर्यंत मेसेज की साधारण कधी येणार, आणि जी शेवटी आत येईल तिने वरची कडी लावायची. हे मी दोघींना एकत्र, समोरासमोर सांगितलं आणि धाकटीला करारातली ती ओळ दाखवली. ती वेळ मी ठरवलेली नाही, मी वाढवूही शकत नाही, त्यावर मी सही केली आहे. तिचा चेहरा थोडा पडला, साहजिक आहे, पण पुढे कधी थोरलीशी तुलना करून तिने वाद घातला नाही. अल्पवयीन मुलीला रात्री मैत्रिणीकडे राहायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी समन्वयकांमार्फत यावी लागते, आमच्या करारात ४८ तास आधी, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी विचारून उपयोग नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

वेळेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे उशीर झाला तर मी काय करणार, हे पायरी पायरीने सांगणं. उशीर होतोय कळलं की लगेच मेसेज, आणि त्यात तीनच गोष्टी: कुठे आहे, कोणाबरोबर, किती वाजता पोचेन. मेसेज न येता १५ मिनिटं झाली की मी तुला फोन करणार. अर्ध्या तासाने तू दिलेल्या मैत्रिणीच्या नंबरवर. एक तास झाला की समन्वयकांच्या चोवीस तास चालू असलेल्या नंबरवर, कारण करारात तसं आहे. आणि उशीर होतोय हे सांगायला फोन केल्याबद्दल या घरात कोणी कधी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम सावकाश बोलले. मुलं घाबरून फोन बंद ठेवतात तेव्हाच खरा धोका असतो. फोनची बॅटरी संपते म्हणून दोघींना एक छोटं कार्ड लिहून दिलं, पत्ता आणि दोन नंबर, पाकिटात ठेवायला. चावीला मात्र पत्ता किंवा नाव लावायचं नाही, आणि हरवली तर त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही, कारण मग पूर्ण कुलूप बदलावं लागतं. त्याचा खर्च कोणाचा ते करारात बघून घ्या, आमच्या करारात विद्यार्थ्याच्या अनामत रकमेतून होता.

हे लगेच पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडलं. गुरुवारी रात्री नऊला दहा कमी असताना धाकटीचा मेसेज आला: बस चुकली, वर्गातल्या मुलीबरोबर स्टॉपवर आहे, पुढची नऊ दहाला, घरी नऊ पस्तीस. ती आली तेव्हा नऊ चाळीस झाले होते. मी जेवण गरम केलं आणि एवढंच विचारलं की स्टॉपवर उजेड होता का, बाकी कोणी होतं का. मग करारासोबत आलेल्या वहीत तारीख, वेळ आणि कारण लिहिलं आणि सकाळी समन्वयकांना दोन ओळींचा ईमेल केला, तिला सांगून, तिच्यासमोर. कागदावर नोंद असली की पुढे कोणी काही विचारलं तर तिचीच बाजू भक्कम राहते हे तिला समजावलं. त्यानंतर ती एक बस आधीची धरायला लागली.

कपड्यांचं बोलणं मशिनपाशी झालं आणि इथे नुसतं सांगून अजिबात भागत नाही. आधी मी करून दाखवलं, मग म्हटलं, आता तू मला दाखव. 'समजलं का' विचारलं तर उत्तर होच येतं, ते विचारूच नका. धाकटीने ड्रममध्ये दोन जीन्स, टॉवेल, टी-शर्ट सगळं दाबून भरलं आणि दार लावायला गेली. मी तिला हात आत घालायला सांगितला. कपड्यांच्या वर उभा तळहात जाईल एवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर कपडे नुसते भिजतात, घासले जात नाहीत आणि साबण तसाच राहतो. तिचा हात जाईना, मग तिने स्वतःच एक जीन्स आणि टॉवेल बाहेर काढला, परत हात घालून बघितला आणि माझ्याकडे बघून हसली. ते ती कधी विसरणार नाही. साबणाच्या मापावर मी पेनने रेघ मारून ठेवली होती, रोजच्या कपड्यांना ३० डिग्री, चादरी आणि टॉवेलला ६०, नवीन गडद कपडे पहिल्यांदा वेगळे, खिसे तपासायचे. ड्रायरची जाळी दर वेळी साफ करायची, तिथे साठणारा तो मऊ करडा थर पटकन पेट घेतो, तो हातात घेऊन दाखवला. धाकटीचा दिवस बुधवार, थोरलीचा शनिवार, आणि मशिन थांबलं की तासाभरात कपडे बाहेर, नाहीतर कुबट वास धरतात.

आतल्या कपड्यांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून आपणच बोलावं लागतं. मी सरळ सांगितलं की मशिन तुम्ही स्वतः लावणार, तुमच्या कपड्यांना दुसरं कोणी हात लावणार नाही, लहान कपडे जाळीच्या पिशवीत घालून टाका. हे बोललं नाही तर मुली ते बेसिनमध्ये धुऊन कपाटामागे किंवा खुर्चीवर वाळत घालतात, खोली बंद, मग खिडकीच्या काचेला आतून पाणी धरतं, कोंदट वास येतो आणि थोड्या दिवसांत भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात. काचेवर सकाळी पाणी दिसलं की समजायचं खोलीत कपडे वाळतायत. तेव्हा ओरडायचं नाही, वाळत घालायचा स्टँड दाखवायचा. पाळीच्या वेळचं सामान कुठे टाकायचं, झाकणाची बादली कुठे, जादा पिशव्या कुठे, हेही त्याच दमात सांगून टाकलं, नवरा तेव्हा बाहेर गेला होता.

बाथरूममध्ये मुख्य प्रश्न गरम पाण्याचा. आमची टाकी ५० लिटरची. त्यात थंड पाणी मिसळून अंघोळीचं साधारण १०० लिटर होतं आणि शॉवर मिनिटाला दहाएक लिटर घेतो, म्हणजे दहा मिनिटांत टाकी संपली, आणि परत तापायला तासभर लागतो. हे गणित दोघींना सांगितलं आणि वेळा त्यांनाच ठरवायला दिल्या. थोरलीने रात्री नऊच्या आधीची घेतली, धाकटीने सकाळी पावणेसातची. टॉयलेट पेपर फ्लश करायचा की बादलीत टाकायचा हे देशागणिक वेगळं असतं, पाइपांवर अवलंबून, त्यामुळे लाजत न बसता पहिल्याच दिवशी सांगावं. अंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं चालू.

बाकीचं पटकन झालं. दार लोटलेलं असेल तर टकटक करून थांबायचं, हा नियम आम्हालाही लागू, त्यांच्या खोलीत आम्ही विचारल्याशिवाय जाणार नाही. सासूबाई साडेनऊला झोपतात आणि त्यांची खोली शेजारीच, म्हणून त्यानंतर घरच्यांशी व्हिडिओ कॉल हेडफोन लावून. घरातल्या कोणाचा फोटो टाकण्याआधी विचारायचं, आम्हीही तुमचा टाकण्याआधी विचारू. आम्हाला हाक कशी मारायची तेही सांगितलं, नाहीतर मुली महिनाभर 'एक्स्क्यूज मी' म्हणत फिरतात.

दहाव्या दिवशी परत चहाला बसलो, हे मी रविवारीच सांगून ठेवलं होतं. पान समोर ठेवलं आणि विचारलं की यातलं काय जमत नाहीये. थोरलीचा गुरुवारचा वर्ग साडेसातला संपतो, म्हणून त्या दिवशीचं जेवण आठ वाजता केलं. धाकटी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की सकाळी पोट भरत नाही, पण दुसऱ्यांदा घ्यायचा संकोच वाटतो. त्या दिवसापासून नाश्ताही टेबलावर मधोमध ठेवायला लागलो, वाढणं बंद. दोन्ही बदल पानावर टाईप केले, वर नवीन तारीख घातली आणि जुनं पान फ्रीजवरून काढून टाकलं, म्हणजे कुठलं खरं असा घोळ नको. एक प्रत समन्वयकांना पाठवली, त्या म्हणाल्या की वेळा कराराच्या आत आहेत, वेगळी परवानगी लागणार नाही.